कड कुठली धरायची?

येवल्याला माझ्या मामांचं पैठणीचं दुकान आहे. त्याचं इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरचा कॅटलॉग मी पुण्यातून सांभाळते. म्हणजे दुकानातला पोरगा नव्या साड्यांचे फोटो पाठवतो, मी त्यातले बरे निवडते, मापात कापते, त्यावर दुकानाचा लोगो घालते आणि पुढच्या काही दिवसांच्या पोस्ट शेड्युल करून मोकळी होते. एरवी हे निभतं. पण लग्नसराईत नाहीतर पाडव्याच्या तोंडावर फोटोंचा असा लोंढा येतो की एकेका फोटोवर हाताने लोगो ओढून बसवणं नको होतं. म्हणून तेवढं काम मी एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवलं आहे.

स्क्रिप्ट लिहायला फार डोकं लागत नाही. डोकं लागतं ते लोगो कडेपासून किती आत ठेवायचा हे ठरवायला, आणि त्याहून आधी, कड म्हणजे नेमकी कुठली कड हे ठरवायला.

लोगो हवाच कशाला, हेही आधी सांगते, कारण जागा त्यावरून ठरते. पैठणीचा फोटो आपल्या पानावर राहत नाही. तो नणंदेला जातो, तिच्याकडून भिशीच्या ग्रुपवर, तिथून कुठल्यातरी रीसेलरच्या यादीत. चार हात फिरून तो कुणा बाईंना आवडला, तर साडी कुठे मिळते हे त्या फोटोवरूनच कळलं पाहिजे. लोगोचं काम इतकंच. मामांना मात्र त्याच्याकडून कुलपाचं काम हवं होतं. "मधोमध मोठा टाक, मग बघू कोण उचलतो ते," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मामा, गिऱ्हाईक झूम करून बुट्टे बघतं. बुट्ट्यांवरच आपलं नाव पसरलं तर तिने बघायचं काय?" ते तेव्हा गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे. पण लोगो कोपऱ्यात गेला, आणि कोपरा म्हटला की कापला जाण्याचा प्रश्न आलाच.

कारण फोटो जसा आपण पाठवतो तसा सगळीकडे दिसत नाही. मी सगळे फोटो 1080 रुंद आणि 1350 उंच, म्हणजे 4:5 मापात करते. इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये तो पूर्ण दिसतो. पण आपल्या पानावर कुणी आलं की त्याला आधी दिसते ती ग्रिड, तीन-तीन फोटोंच्या ओळी. ही ग्रिड पूर्वी चौकोनी होती, जानेवारी 2025 पासून ती 3:4 अशी उभट झाली. आता हिशोब करा. 1350 उंचीला 3:4 प्रमाणात रुंदी बसते साधारण 1012. म्हणजे आपल्या 1080 मधले 68 पिक्सेल ग्रिडमध्ये दिसत नाहीत, डावीकडून 34 आणि उजवीकडून 34. हा तोटा थोडा आहे. पण 1080 बाय 1080 चा चौकोनी फोटो टाकला, तर त्याच ग्रिडमध्ये फक्त 810 रुंदी दिसते आणि दोन्ही बाजूंनी 135 पिक्सेल जातात. कोपऱ्यात कडेपासून 40 पिक्सेलवर बसवलेला लोगो त्यात अर्ध्याहून जास्त गडप. म्हणून चौकोनी फोटो मी बंदच केले.

एवढ्यावर थांबलं तर उत्तर सोपं आहे. उजवीकडून 34 कापले जाणार, त्यापुढे डोळ्याला मोकळं वाटावं म्हणून रुंदीच्या पाच टक्के, म्हणजे 54 ठेवायचे. बेरीज 88, आपण 90 धरू. खालूनही 90 ठेवलं की लोगो कोपऱ्यात नीटस बसतो. फीडमध्ये छान, ग्रिडमध्ये छान.

पण हाच फोटो व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये जातो आणि तिथला लहान फोटो चौकोनी असतो. 1350 उंचीचा फोटो चौकोनात बसवताना वरून 135 आणि खालून 135 जातात. आमचा लोगो 180 रुंद, 70 उंच. खालून 90 वर ठेवला तर तो 90 पासून 160 पर्यंतची जागा घेतो, आणि कात्री चालते 135 वर. म्हणजे लोगोच्या वरच्या 25 पिक्सेलचीच पट्टी उरते, नेमकी शिरोरेषा आणि तिच्यावरच्या मात्रा. लोगो अजिबात नसला तर फोटो निदान साधा दिसतो. असा मान उडवलेला लोगो दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, फोटो दुसऱ्या कुणाचा कापून आणलाय.

म्हणून कड धरायची ती फाइलची नाही. तो फोटो जिथे जिथे दिसणार आहे, तिथल्या सगळ्या कापण्यांनंतर जो मधला आयत शाबूत राहतो, त्याची कड धरायची. आमच्या बाबतीत ग्रिड रुंदी 1012 वर आणते आणि कॅटलॉग उंची 1080 वर. तेव्हा 1080 बाय 1350 च्या फोटोत 1012 बाय 1080 चा आयत कल्पायचा आणि लोगो त्याच्या कडेपासून 54 आत ठेवायचा. मूळ फाइलच्या भाषेत सांगायचं तर उजवीकडून 90 आणि खालून 190. कॅटलॉगसाठी वेगळी फाइल करता येते, लोक करतातही. मी करत नाही, कारण फिरत फिरत कुणाच्या हातात कुठली प्रत जाईल हे माझ्या हातात नाही. एकच फाइल सगळीकडे टिकलेली बरी.

मामांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लगेच फोन. "लोगो असा वर का चढलाय गं? खाली जागा आहे ना."

"ती जागा कापायला ठेवलीय, मामा. ब्लाउजपीसला कापड सोडता तशी."

हे मात्र त्यांना पटलं.

आता प्रत्यक्ष काम. मी इमेजमॅजिक वापरते. फुकट आहे, जुनं आहे आणि टर्मिनलमधून चालतं. त्याच्या सातव्या आवृत्तीत आज्ञा `magick` ने सुरू होते, सहाव्यात तिथे `convert` लिहावं लागतं. आधी लोगोची फाइल एकदाच तयार करून ठेवायची.

```
magick logo-mool.png -trim +repage -resize 180x logo.png
```

इथला `-trim` फार महत्त्वाचा. डिझायनरकडून आलेल्या लोगोभोवती पारदर्शक मोकळी जागा असते, कधी थोडी, कधी लोगोहून जास्त. डोळ्यांना ती दिसत नाही, पण संगणक अंतर मोजतो ते त्या अदृश्य चौकटीपासून. ती छाटली नाही तर आपण 90 लिहितो आणि लोगो भलतीकडेच आत जाऊन बसतो, मग माणूस आकडे बदलत राहतो आणि कारण काही सापडत नाही. शंका आली तर लोगो एका गडद रंगाच्या कोऱ्या चित्रावर कोपऱ्याला चिकटवून बघायचा. अंतर शून्य देऊनही फट दिसली, तर छाटायचं राहिलंय.

मग मुख्य स्क्रिप्ट.

```
mkdir -p tayar
for f in mool/*.jpg; do
  o="tayar/$(basename "$f")"
  [ -e "$o" ] && continue
  magick "$f" -auto-orient -resize 1080x1350^ \
    -gravity center -extent 1080x1350 \
    logo.png -gravity southeast -geometry +90+190 \
    -composite -quality 90 "$o"
done
```

यातला क्रम हलवता येत नाही. आधी फोटो सरळ करायचा, मग मापात आणायचा, मग कापायचा आणि सगळ्यात शेवटी लोगो. लोगो आधी घालून नंतर फोटो लहान केला तर लोगोही त्याबरोबर लहान होतो. एक फोटो 4000 रुंद आणि दुसरा 1600 असला की दोघांवरचे लोगो दोन मापांचे, आणि ग्रिडमध्ये ते शेजारी शेजारी आले की चटकन डोळ्यांत भरतं. सगळे फोटो आधी एका मापात आणले की 180 म्हणजे प्रत्येक फोटोत 180.

`-auto-orient` ची गोष्ट आमच्याकडे विशेष लागू पडते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की त्याची बारकाई जाते, जरीची वीण पिठासारखी दिसते. म्हणून पोराला सांगून ठेवलंय, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते, आणि तिच्याबरोबर एक भानगडही येते. फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा फाइलमध्ये आडवाच साठवलेला असतो आणि सोबत एक खूण असते, की दाखवताना एवढा फिरव. फोटो बघण्याची ॲप ती खूण वाचतात, म्हणून आपल्याला सगळं सरळ दिसतं. इमेजमॅजिक मात्र सांगितल्याशिवाय फिरवत नाही. ते आडव्या फोटोच्या कोपऱ्यात लोगो चिकटवतं आणि नंतर खुणेप्रमाणे फोटो फिरला की लोगोही आडवा पडतो, तोही भलत्याच कोपऱ्यात. काही फोटोंवर लोगो बरोबर आणि काहींवर झोपलेला दिसला तर दुसरं कारण शोधू नये.

मूळ फोटोंचं फोल्डर वेगळं आणि तयार फोटोंचं वेगळं, हे मी कटाक्षाने पाळते. आहे त्याच फाइलवर लोगो घालणारी `mogrify` नावाची सोय आहे, पण ती दोनदा चालली की लोगोवर लोगो बसतो आणि मूळ फोटो परत मिळत नाही. वरच्या स्क्रिप्टमधली `continue` ची ओळ हेच सांभाळते. तयार फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल असेल तर तिला हात लागत नाही, त्यामुळे संध्याकाळी नवे फोटो आले की तीच स्क्रिप्ट बिनधास्त पुन्हा चालवता येते. शेवटी दोन्ही फोल्डरांमधल्या फाइली मोजून घ्याव्यात. आकडा कमी भरला तर बहुधा एखाद्या फोनने नावाच्या शेवटी `.jpg` ऐवजी `.jpeg` किंवा `.JPG` लावलेलं असतं आणि स्क्रिप्टने ती फाइल पाहिलेलीच नसते.

आडवे फोटो हे वेगळं दुखणं. पूर्ण उलगडलेला पदर आडवाच काढावा लागतो, आणि 4:3 चा आडवा फोटो या मापात भरून कापला तर त्याची चाळीस टक्के रुंदी जाते. पदराचे दोन्ही काठ गेल्यावर पैठणीत उरलं काय? असे फोटो मी हाताने वेगळ्या फोल्डरात टाकते आणि तिथे `-resize` मधलं `^` काढून `-background "#f4efe6"` जोडते. मग फोटो 1080 बाय 810 असा मधोमध बसतो आणि वर-खाली 270 च्या फिक्या पट्ट्या राहतात. लोगो 190 ते 260 मध्ये येतो, म्हणजे खालच्या पट्टीत जेमतेम मावतो. दिसायला हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. पण पट्टी कापून टाकली की लोगो गेला, आणि साडीचा एक धागाही न गमावता गेला. आडव्या फोटोंपुरतं मी हे मान्य केलंय.

जागा ठरली तरी लोगो वाचता येईलच असं नाही. पैठणीच्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यात हमखास काठ येतो. नारळी काठ असो की मुनिया, जरीचा उजेड आणि सावली इतकी बारीक आणि पटापट बदलते की त्यावर पांढरी अक्षरंही विरतात आणि काळीही. आमचा मूळ लोगो तर लाल. जांभळ्या नाहीतर राणी रंगावर लाल अक्षरं आधीच दबतात, त्यात जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लालाच्या कडा फुटतात. म्हणून फोटोंसाठी लोगोच्या दोनच आवृत्त्या ठेवल्या, एक पांढरी आणि एक गडद तपकिरी. कुठली लावायची हे फोटोलाच विचारता येतं. लोगो जिथे बसणार तेवढाच तुकडा कापून त्याचा सरासरी उजेड आणि चढउतार मोजायचा.

```
magick f.jpg -gravity southeast -crop 180x70+90+190 +repage \
  -colorspace Gray \
  -format "%[fx:mean] %[fx:standard_deviation]" info:
```

`f.jpg` म्हणजे मापात कापलेला पण अजून लोगो न घातलेला फोटो. आकडे लोगो बसवतानाचेच आहेत, त्यामुळे मोजली जाते तीच जागा. पहिलं उत्तर 0 ते 1 मध्ये येतं, 0 म्हणजे काळं आणि 1 म्हणजे पांढरं. ते 0.55 च्या वर गेलं तर मी तपकिरी लोगो लावते, नाहीतर पांढरा. दुसरं उत्तर चढउताराचं. सपाट अंगावर ते शून्याच्या जवळ असतं, जरीच्या काठावर उडी मारतं. 0.15 च्या वर गेलं की स्क्रिप्ट `southeast` सोडून `southwest` ला जाते आणि तिथे पुन्हा मोजते. हे उंबरठे माझ्या डोळ्यांनी ठरवलेत, शास्त्र नाही. चिनी मातीची भांडी विकणाऱ्याला ते वेगळे लागतील.

डावा खालचा कोपरा दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचं कारण आहे. इन्स्टाग्रामवर कुणाला टॅग केलं की माणसाचं छोटं चिन्ह तिथेच येतं, मात्र 190 ची उंची असल्याने आमचा लोगो त्याच्या वर राहतो. उजवा वरचा कोपरा मी वापरतच नाही. एका पोस्टमध्ये अनेक फोटो असले की कितवा फोटो तो आकडा तिथे उमटतो, आणि ग्रिडमध्येही तशा पोस्टचं चिन्ह त्याच कोपऱ्यात असतं. दोन्ही खालचे कोपरे जरीने भरलेले निघाले तर स्क्रिप्ट तो फोटो बाजूला ठेवते आणि मी स्वतः बघते. असे थोडे निघतात, आणि त्यावर आणखी अक्कल खर्च करून स्क्रिप्ट लांबवण्यात मला अर्थ दिसत नाही.

काहीजण लोगोचं चित्र न घेता स्क्रिप्टकडूनच दुकानाचं नाव लिहून घेतात. इंग्रजी नाव असेल तर चालून जातं. देवनागरीत जपून. अक्षरं जुळवणारी योग्य लायब्ररी इमेजमॅजिकमध्ये किंवा पायथनच्या पिलोमध्ये जोडलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. चूक अशी की स्क्रिप्ट काही तक्रार करत नाही, फोटो तयार होतात आणि शेड्युलही होतात. लोगो चित्र म्हणूनच ठेवला की हा धोका राहत नाही. आकारही देवनागरीकडे बघूनच ठरवावा. फोनच्या पडद्यावर 1080 पिक्सेल म्हणजे साधारण सात सेंटिमीटर, तेव्हा 180 चा लोगो तिथे जेमतेम सव्वा सेंटिमीटर दिसतो. ग्रिडमध्ये तो त्याच्याही तिसऱ्या हिश्शाचा होतो. इतक्या लहान जागेत बारीक शिरोरेषा पुसली जाते, म्हणून फोटोंसाठीच्या आवृत्तीत आम्ही रेषा मुद्दाम जाड करून घेतली आणि खालची 'येवला' ही बारीक ओळ काढून टाकली. त्या ओळीवरून मामा अजून अधूनमधून हळहळतात.

स्टोरीचं गणित वेगळं, तिथे हे आकडे चालत नाहीत. 1080 बाय 1920 च्या पडद्यावर वरचे साधारण 250 पिक्सेल नाव आणि पट्ट्यांखाली जातात, खालचे 340 उत्तर लिहिण्याच्या चौकटीसाठी मोकळे ठेवायचे. तेव्हा उजवीकडून 90 तेच, खालून मात्र 400. रील्सला तर खालचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग मजकूर आणि बटणं खातात, तिथे मी लोगो डावीकडे वर, 250 च्या खाली ठेवते.

हे सगळं शेड्युल करण्याच्या आधीच का, तर पोस्ट एकदा इन्स्टाग्रामवर गेली की मजकूर बदलता येतो, फोटो नाही. म्हणून अपलोड करण्याआधी सगळ्या तयार फोटोंच्या लहान प्रतींचा एक तक्ता करते, एकदा 3:4 मध्ये कापून आणि एकदा चौकोनात कापून, बोटभर आकारात. मोठ्या पडद्यावर एकेक फोटो बघताना जे सुटतं ते या तक्त्यात लगेच सापडतं, कारण गिऱ्हाईकही आपल्याला एवढ्याच आकारात बघतं. मागच्या वेळी एका मोतिया रंगाच्या साडीवर पांढरा लोगो गेलेला सापडला तो असाच. सरासरी उजेड 0.53 निघाला होता, उंबरठ्याच्या अगदी अलीकडे. तो फोटो तेवढा तपकिरी लोगो लावून पुन्हा काढला, बाकीचे पाडव्यापर्यंतच्या तारखांना लावून दिले, आणि मामांना तक्ता पाठवला.

त्यांचं उत्तर आलं, "छान. लोगो थोडा मोठा कर."